पावणेदोनला टोचलेली सुई: प्रशिक्षणार्थी परिचारिकेच्या एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रचलेले आहे. त्यातील विद्यार्थिनीला, रुग्णाला आणि रुग्णालयाला नाव दिलेले नाही. मात्र सुई कशी लागली, कोण काय म्हणाले आणि वेळ नेमका कुठे गेला, हे तपशील आपल्याकडील कोणत्याही शिकवणाऱ्या रुग्णालयात घडू शकतील असेच निवडले आहेत. उपचारांचे टप्पे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, मार्गदर्शक सूचनांना आणि हिपॅटायटिस बी प्रतिबंधाच्या मान्य पद्धतीला धरून आहेत.

प्रसंग

बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीचे पोस्टिंग जिल्हा रुग्णालयाच्या स्त्री मेडिसिन वॉर्डात होते. पाळी सकाळी आठ ते दुपारी दोन अशी होती. खाट क्रमांक १४ वर एक्केचाळीस वर्षांची एक रुग्ण आदल्या रात्री दाखल झालेली होती. तिला कावीळ होती, ती गुंगीत होती आणि मधूनच अस्वस्थ होऊन हातपाय झाडत होती. तिचे यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी रक्त पुन्हा पाठवायचे होते. क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडमकडे त्या दिवशी दोन वॉर्ड असल्यामुळे त्या पलीकडच्या वॉर्डात होत्या.

विद्यार्थिनीने हातमोजे घालून पाच मिलीच्या सिरिंजने आणि काळ्या हबच्या, म्हणजे २२ क्रमांकाच्या सुईने रुग्णाच्या उजव्या कोपराच्या शिरेतून रक्त काढले आणि नळ्या भरल्या. आता हातात रक्ताने माखलेली सुई होती आणि ती टाकायचा पांढरा पंक्चरप्रूफ डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, सिस्टरांच्या टेबलाशेजारी ट्रॉलीवर होता. उघडी सुई घेऊन दोन रांगांमधून, नातेवाइकांच्या गर्दीतून जाणे तिला धोक्याचे वाटले. म्हणून तिने उजव्या हातात सिरिंज आणि डाव्या हातात टोपण धरून सुई पुन्हा झाकण्याचा प्रयत्न केला. सुईचे टोक टोपणाच्या कडेवरून घसरले आणि हातमोज्यातून डाव्या तर्जनीच्या टोकात घुसले. हातमोजा काढला तेव्हा बोटावर रक्ताचा थेंब होता. वेळ दुपारी पावणेदोनची होती.

या वर्णनातली एक गोष्ट पुढे सतत लागणार आहे. ही पोकळ सुई होती, ती नुकतीच शिरेतून बाहेर आली होती, तिच्यात रक्त दिसत होते आणि ती कातडीच्या आत गेली होती. शिवणाची भरीव सुई हातमोज्यावरून खरचटून जाते तेव्हा आत जाणारे रक्त फारच थोडे असते, कारण बरेचसे हातमोज्यावरच पुसले जाते. पोकळ सुईच्या पोटात मात्र रक्त भरलेले असते आणि ते सुईबरोबर आत जाते. त्यामुळे नॅकोच्या जुन्या वर्गीकरणातही शिरेत वापरलेल्या सुईची इजा गंभीर गटात धरली जात असे.

पहिली पाच मिनिटे

तिने प्रथम जे केले ते बहुतेक विद्यार्थी करतात. बोट जोरात दाबून रक्त पिळून काढले आणि जवळच्या स्पिरिटच्या बोळ्याने घासले. दोन्ही गोष्टी टाळायच्या आहेत, आणि त्या का टाळायच्या हे समजले तरच ऐन वेळी हात आवरतो. पिळल्याने आत गेलेला विषाणू बाहेर येतो असा कोणताही पुरावा नाही. उलट दाबल्यामुळे त्या जागेचा रक्तपुरवठा वाढतो आणि ऊतींना मार बसतो. स्पिरिट, आयोडीन किंवा ब्लीच जखमेवर घासल्याने कातडीचा दाह होतो आणि तिची अडथळा म्हणून असलेली ताकद कमी होते. बोट तोंडात धरणे ही तर सवयीने होणारी चूक आहे, आणि त्यात विषाणूला तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेची आणखी एक वाट मिळते.

करायचे ते साधे आहे. हातातली सुई प्रथम सुरक्षित जागी टाकावी, कारण घाबरून ती खाटेवर ठेवली तर पुढची इजा सफाई कामगाराला होते. मग हातमोजे काढून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी, रक्त आपोआप येत असेल तर येऊ द्यावे आणि नंतर स्वच्छ पट्टी लावावी. रक्त डोळ्यात उडाले असते तर साबण न वापरता साध्या पाण्याने किंवा सलाईनने डोळा धुवायचा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास ती आधी न काढता डोळा धुऊन झाल्यावर काढायची.

विद्यार्थिनी स्पिरिटनंतर बेसिनपाशी गेली आणि तिने साबणाने हात धुतला. म्हणजे प्रथमोपचार, उलट्या क्रमाने का होईना, पूर्ण झाला. खरा तोटा पुढे झाला.

हरवलेले दोन तास

वॉर्डात दुपारच्या पाळीच्या हस्तांतराची घाई चालू होती. विद्यार्थिनी स्टाफ सिस्टरांकडे गेली आणि म्हणाली, "सिस्टर, मला सुई लागली." त्या केसपेपर मोजत होत्या. त्यांनी वर पाहून विचारले, "धुतलास का हात? मग तुझ्या मॅडमना सांग." हे चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. त्यांच्या दृष्टीने विद्यार्थिनी कॉलेजची होती आणि कॉलेजच्या मॅडम तिचे पाहतील. मॅडमच्या दृष्टीने वॉर्डात काही घडले तर वॉर्ड कळवील. दोन वाजता पाळी बदलली, सिस्टर घरी गेल्या आणि विद्यार्थिनी मैत्रिणीबरोबर हॉस्टेलवर परतली. मैत्रीण म्हणाली, "एवढ्याशा टोचण्याने काही होत नाही. उगाच सगळ्यांना कळेल." तिला ओरडा बसण्याची भीती होती. टोपण लावायचे नाही हे वर्गात दहा वेळा शिकवलेले असताना तेच करताना सुई लागली, हे सांगायचे कसे, हाच प्रश्न तिच्या मनात होता.

साडेतीन वाजता तिने मॅडमना फोन केला. मॅडमनी एकही प्रश्न न विचारता तिला अपघात विभागात यायला सांगितले आणि स्वतः तिथे पोहोचल्या. चार वाजून दहा मिनिटांनी तिला पहिली गोळी मिळाली. इजा आणि औषध यांत दोन तास पंचवीस मिनिटे गेली.

या अंतराकडे नीट पाहिले पाहिजे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाची, म्हणजे पीईपीची, पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत द्यावी आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत द्यावी, असे नॅको सांगते. कातडीखाली शिरलेला विषाणू लगेच सर्व शरीरात पसरत नाही. तो प्रथम त्या भागातल्या पेशींत आणि तिथून जवळच्या लसीका ग्रंथींत जातो, आणि त्या काळात औषध रक्तात असेल तर संसर्ग तिथेच थांबण्याची शक्यता असते. जितका उशीर, तितकी ही शक्यता कमी. म्हणून दोन तास उलटले की सगळे संपले असे नाही. दोन तास पंचवीस मिनिटांना औषध सुरू झाले हे चांगलेच झाले. पण जी विद्यार्थिनी "आता दोन तास होऊन गेले, आता काय उपयोग" म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत गप्प बसते तिचे नुकसान मोठे असते, आणि ७२ तासांनंतर आलेल्या विद्यार्थिनीला पीईपी दिले जात नाही.

माझ्या मते या दोन तासांची जबाबदारी विद्यार्थिनीवर टाकणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी तिला औषधांचा ट्रे, लिननचे कपाट, ड्युटी रूम दाखवली गेली. पीईपीची पहिली गोळी कुठे ठेवलेली असते आणि मध्यरात्री ती कोणाकडे मागायची, हे दाखवलेले नव्हते.

अपघात विभागात

अपघात विभागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी क्रम योग्य ठेवला. त्यांनी पहिली गोळी आधी दिली आणि तपासण्या मागाहून केल्या. रुग्णाचा अहवाल येईपर्यंत थांबू, असे म्हणण्याचा मोह इथे होतो, पण एका गोळीने फारसे बिघडत नाही आणि थांबल्याने बिघडू शकते. रुग्णाचा एचआयव्ही अहवाल नकारात्मक आला आणि तिच्या बाबतीत विंडो पीरियडची शंका नसली, तर औषध बंद करता येते.

दिलेली गोळी टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ या तीन औषधांची एकत्र गोळी होती. ती रोज एक, अशी २८ दिवस घ्यायची असते. त्याआधी विद्यार्थिनीला तीन गोष्टी विचारल्या गेल्या: मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार आहे का, ती गर्भवती असण्याची शक्यता आहे का, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. दुसरा प्रश्न मॅडमना बाहेर थांबवून विचारला गेला. ही छोटी गोष्ट आहे, पण ती पाळली नाही तर उत्तर खरे मिळत नाही. तिसऱ्या प्रश्नाला तिने लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचा उल्लेख केला. त्याचे महत्त्व पुढे येईल.

मग तिचे स्वतःचे रक्त घेतले गेले. त्यातून एचआयव्ही, एचबीएसएजी, हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडे, हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी करायची होती. एचआयव्हीसाठी तिची संमती लागते आणि ती समुपदेशनानंतर घेतली गेली. ही आधाररेषेची तपासणी म्हणजे संशय घेणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे लागते. त्या दिवशीचा अहवाल नकारात्मक असल्याशिवाय पुढे सहा महिन्यांनी काही आढळले तर ते या इजेमुळेच झाले हे कोणीही सिद्ध करू शकणार नाही. शिवाय हे रक्त हिपॅटायटिस बीची लस देण्याआधी घेतले गेले, कारण लसीत तेच पृष्ठजन असते आणि लस घेतल्यावर काही दिवस एचबीएसएजीची तपासणी खोटी सकारात्मक येऊ शकते.

नोंद करायची वेळ आली तेव्हा विद्यार्थिनीने रजिस्टरमध्ये लिहिले: "वॉर्डात काम करताना हाताला सुई लागली." इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरांनी ते तिला पुन्हा, तिच्याच शब्दांत, पण पूर्ण लिहायला सांगितले. दुसऱ्यांदा लिहिलेली नोंद अशी होती:

"दुपारी १.४५ वाजता, स्त्री मेडिसिन वॉर्ड, खाट क्र. १४. रुग्णाच्या उजव्या कोपराच्या शिरेतून ५ मिली सिरिंज व २२ क्रमांकाच्या सुईने रक्त काढून नळ्या भरल्यावर, दोन्ही हातांनी सुईला टोपण लावताना डाव्या तर्जनीच्या टोकास हातमोज्यातून सुई टोचली. सुईत रक्त दिसत होते. बोटातून रक्त आले. मी बोट पिळले, स्पिरिट लावले, नंतर साबणाने धुतले. १.५५ ला स्टाफ सिस्टरांना सांगितले. ३.३० ला मॅडमना फोन केला. हिपॅटायटिस बी लसीच्या दोन मात्रा झाल्या आहेत, तिसरी राहिली आहे. पीईपीची पहिली मात्रा ४.१० वाजता."

दोन नोंदींतला फरक लांबीचा नाही. पहिली वाचून कोणताही डॉक्टर धोका ठरवू शकत नाही. दुसरीत सुईचा प्रकार, रक्त, खोली, वेळ, लसीकरण आणि घडलेल्या चुकाही आहेत. पिळल्याचे तिने लिहिले याबद्दल तिला कोणी बोलले नाही, आणि ते फार महत्त्वाचे आहे. ज्या रजिस्टरमध्ये खरे लिहिल्यावर शिक्षा होते त्यात पुढच्या वेळी कोणी लिहीत नाही.

फॉर्मवर एक अडचण आली. त्यात "कर्मचारी क्रमांक" असा रकाना होता आणि विद्यार्थिनीकडे तो नव्हता. बाबूंनी विचारले की ही आमची कर्मचारी नाही, तर नोंद इथे कशी? याचे उत्तर कायद्यात आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७, याच्या कलम १९ नुसार आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनेने, कामामुळे एचआयव्हीचा संपर्क येऊ शकणाऱ्या तिथे काम करणाऱ्या सर्व व्यक्तींना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि पीईपी पुरवायचे आहे, आणि ते उपलब्ध आहे हे त्यांना कळवायचेही आहे. कायदा पगाराविषयी बोलत नाही, काम करणाऱ्यांविषयी बोलतो. रुग्णाचे रक्त काढणारी विद्यार्थिनी त्या क्षणी काम करत असते. रकान्यात कॉलेजचा नोंदणी क्रमांक लिहून नोंद पूर्ण झाली आणि तिची एक प्रत कॉलेजकडे बंद पाकिटात गेली.

रुग्णाचे काय

रुग्णाच्या दाखल तपासण्यांत एचबीएसएजी सकारात्मक आणि हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडे नकारात्मक असल्याचे केसपेपरवर आधीच होते. एचआयव्हीची तपासणी मात्र झालेली नव्हती. रुग्ण गुंगीत असल्यामुळे ती स्वतः संमती देऊ शकत नव्हती. नातेवाइकांशी बोलायचे ठरले, पण संध्याकाळी त्यांनी तिला मोठ्या शहरातील खाजगी रुग्णालयात हलवले आणि ती सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी फोनवर नातेवाइकांनी तपासणीबद्दल बोलायला नकार दिला.

त्या संध्याकाळी एका कनिष्ठ डॉक्टरांनी सुचवले होते की प्रयोगशाळेत सकाळचे रक्त शिल्लक असेल, त्यातच एचआयव्ही करून टाकू. ते केले गेले नाही, आणि योग्य झाले. संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करणे या कायद्यानुसार चालत नाही, आणि इजा झालेली व्यक्ती आपली असली तरी रुग्णाचा हक्क त्यामुळे संपत नाही. तपासणी न होण्याचा परिणाम विद्यार्थिनीवर झाला खरा, पण त्याला उपाय होता. ज्या रुग्णाची स्थिती अज्ञात आहे त्याच्या बाबतीत, इजा गंभीर असल्यास, औषध पूर्ण २८ दिवस देता येते. एआरटी केंद्रातील डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी हाच निर्णय घेतला.

हिपॅटायटिस बी

सुई लागली की विद्यार्थ्यांच्या मनात फक्त एचआयव्ही असतो. आकडे वेगळे सांगतात. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या रक्ताने भरलेल्या सुईने संसर्ग होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन, मानली जाते. लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बीचा संसर्ग होण्याची शक्यता रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार ६ ते ३० टक्के धरली जाते. या प्रकरणात रुग्ण हिपॅटायटिस बीची होती हे निश्चित माहीत होते आणि एचआयव्हीबद्दल काहीच माहीत नव्हते. तरीही वॉर्डातली सगळी चर्चा एचआयव्हीभोवतीच फिरली. लसीची तिसरी मात्रा राहिल्याचे मॅडमनी नेमका प्रश्न विचारला म्हणून समोर आले.

लसीचा क्रम शून्य, एक आणि सहा महिने असा असतो. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने शिबिर घेतले, दोन मात्रा झाल्या आणि तिसरीच्या वेळी परीक्षेची रजा लागली. हे अनेक कॉलेजांत घडते. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. पण विद्यार्थिनीच्या लसीची फाइल कॉलेजकडे असते आणि ती रक्त काढते रुग्णालयात.

तिला त्याच संध्याकाळी एका दंडात राहिलेली तिसरी मात्रा दिली गेली. मध्ये बरेच महिने गेले तरी लस पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. दुसऱ्या जागी हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन दिले गेले. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला शिकवते, पण त्याला आठवडे लागतात. इम्युनोग्लोब्युलिन तयार प्रतिपिंडे लगेच देते आणि मधला काळ सांभाळते. ते शक्यतो २४ तासांत द्यावे, आणि सुईच्या इजेनंतर सात दिवसांपलीकडे त्याचा उपयोग झाल्याचे दिसत नाही. पुस्तकांत मात्रा किलोमागे ०.०६ मिली अशी असते, म्हणजे या ४८ किलोच्या विद्यार्थिनीसाठी २.८८ मिली. पण ते प्रमाण विशिष्ट ताकदीच्या औषधासाठी आहे. आपल्याकडच्या कुप्यांवर ताकद युनिटमध्ये लिहिलेली असते आणि ती वेगवेगळी असते, त्यामुळे मिलीचा आकडा पाठ करून सिरिंज भरणे चुकीचे ठरते. डॉक्टरांनी कुपीवरील युनिट पाहून मात्रा ठरवली.

ज्या विद्यार्थ्याने तिन्ही मात्रा घेतल्या आहेत आणि नंतर एक ते दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत प्रतिपिंडांची पातळी मिलीमागे १० मिलीयुनिट किंवा अधिक आली आहे, त्याला अशा इजेनंतर हिपॅटायटिस बीसाठी काहीच करावे लागत नाही. म्हणजे एका साध्या कार्डावरची एक नोंद असती तर या विद्यार्थिनीला ते इंजेक्शन लागलेच नसते.

अठ्ठावीस दिवस

तिसऱ्या दिवशी ती इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरांकडे आली. मळमळ होत होती आणि झोप लागत नव्हती. डोल्युटेग्राव्हिरने काहींची झोप उडते, म्हणून रात्री घेतली जाणारी गोळी सकाळी घ्यायला सांगितले. इथे लोहाची गोळी मध्ये आली. लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच बांधून ठेवतात आणि ते रक्तात कमी पोचते. अँटासिडनेही हेच होते. विद्यार्थिनींमध्ये रक्तक्षय आणि ॲसिडिटी दोन्ही सर्रास असल्यामुळे हा प्रश्न हमखास विचारायला हवा. दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या तर जेवणाबरोबर घ्याव्यात, नाहीतर पीईपीची गोळी लोहाच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. तिची पीईपीची गोळी सकाळी सातला आणि लोहाची रात्रीच्या जेवणानंतर, असे ठरले. अँटासिडचे सिरप मनाने घेऊ नये, हेही लिहून दिले.

दोन आठवड्यांनी हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी झाली. ती ठीक होती. तिसऱ्या आठवड्यात तिचे पोस्टिंग ग्रामीण आरोग्य केंद्रात बदलले आणि उरलेल्या गोळ्या घेऊन ती गेली. औषध मध्येच सोडले जाते ते बहुतेक अशाच वळणावर, कारण केंद्रात कोणाला माहीत नसते आणि रूमवरच्या मुलींसमोर डबी काढायची नसते. सिस्टरांनी तिला दर दोन दिवसांनी फक्त "झाली का?" एवढा संदेश पाठवला. त्यात औषधाचा किंवा आजाराचा शब्द नव्हता.

या काळात आणि पुढच्या तपासण्या संपेपर्यंत तिला रक्तदान करू नये आणि शरीरसंबंध असल्यास निरोध वापरावा, असे सांगितले होते. चौथ्या आठवड्यात कॉलेजमध्ये रक्तदान शिबिर होते. यादीतून तिचे नाव कारण न विचारता वगळले गेले, कारण मॅडमनी आधीच सगळ्यांसाठी "वैद्यकीय कारणाने नाही" असा एक सर्वसाधारण पर्याय ठेवला होता.

आणखी एक बाब डॉक्टरांनी पाहिली होती. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन हिपॅटायटिस बीवरही काम करतात. विद्यार्थिनीला स्वतःला आधीपासून हिपॅटायटिस बी असता, तर २८ दिवसांनी औषध थांबवल्यावर तो उसळू शकला असता. तिचा पहिल्या दिवशीचा एचबीएसएजी नकारात्मक होता, म्हणून औषध निर्धास्तपणे थांबवता आले.

सहा महिन्यांपर्यंत

एचआयव्हीची तपासणी सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशी ठरली. मधल्या काळात ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ आणि गाठी सुजणे ही लक्षणे एकत्र आली तर तारखेची वाट न पाहता यायचे होते. लघवी गडद होणे, भूक जाणे, डोळे पिवळे होणे यांसाठीही तसेच, कारण हिपॅटायटिस बीची लक्षणे दिसायला दोन ते पाच महिने लागू शकतात. हिपॅटायटिस सीसाठी इजेनंतर देण्यासारखे प्रतिबंधक औषध नाही. म्हणून रुग्णाचा अहवाल नकारात्मक असला तरी सहाव्या महिन्याच्या रक्तातच ती तपासणीही ठरवली.

सहा आठवड्यांची तपासणी झाली. तीन महिन्यांची जवळजवळ हुकली. शैक्षणिक वर्ष बदलले होते, मॅडम दुसऱ्या बॅचला गेल्या होत्या आणि विद्यार्थिनीला स्वतःला "एवढे दिवस झाले, आता काय" असे वाटू लागले होते. तारीख इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरांच्या वहीत विद्यार्थिनीच्या नावाने नव्हे तर नोंद क्रमांकाने लिहिलेली होती, आणि त्यांनीच फोन केला. पाठपुरावा एकाच व्यक्तीच्या वहीत असावा आणि ती व्यक्ती रुग्णालयाची असावी, असे मला ठामपणे वाटते. विद्यार्थी, वर्ष, पोस्टिंग आणि ट्यूटर हे सगळे सहा महिन्यांत बदलते. रुग्णालय तिथेच असते.

दरम्यान वॉर्डात दोन बदल झाले. रक्त काढण्याच्या ट्रेमध्येच छोटा पंक्चरप्रूफ डबा ठेवला गेला, म्हणजे तो खाटेपर्यंत सुईबरोबर जातो आणि तीन चतुर्थांश भरला की बंद होतो. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला अपघात विभागात नेऊन पीईपीचे कपाट दाखवणे आणि लसीचे कार्ड पाहणे सुरू झाले. सहा जणींच्या पहिल्याच गटात दोघींची तिसरी मात्रा राहिलेली निघाली.

सहाव्या महिन्यात विद्यार्थिनीची एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि एचबीएसएजी तपासणी नकारात्मक आली. लसीनंतरच्या प्रतिपिंडांची तपासणी मुद्दाम याच वेळेपर्यंत थांबवली होती, कारण इम्युनोग्लोब्युलिनमधून आलेली प्रतिपिंडे रक्तात असेपर्यंत पातळी उसनी दिसते आणि लस लागू पडली असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पातळी १० मिलीयुनिटच्या बरीच वर होती. तिच्या कार्डावर तारखेसह ती लिहिली गेली आणि खाली डॉक्टरांची सही झाली. पुढे कधी सुई लागली तर हिपॅटायटिस बीसाठी हे कार्ड दाखवणे पुरेसे होईल. एचआयव्हीसाठी मात्र तेव्हाही हात धुऊन थेट अपघात विभागातच जायचे, असे सिस्टरांनी कार्डाच्या मागे लिहून दिले.